ग्रीक शिल्पातला देह: प्रश्नसंच आणि नमुना उत्तरं तयार करण्याची पद्धत

‘ग्रीक शिल्पात मानवी देहाचा आदर्श कसा बदलत गेला?’ हा प्रश्न कलेच्या इतिहासाच्या परीक्षेत वेगवेगळ्या रूपांत येतो. बहुतेक उत्तरं मात्र एकाच साच्याची असतात: ग्रीक शिल्पं प्रमाणबद्ध होती, वास्तववादी होती, देह सुडौल आणि संतुलित होता. हे वाक्य इ.स.पू. सहाव्या शतकातल्या पुतळ्याला लावा, नाहीतर रोमन सम्राटाच्या पुतळ्याला लावा, कुठेही चालतं. म्हणून ते उत्तर होत नाही. शिकवण्यांमधून फिरणारे प्रश्नसंचही असेच असतात. प्रश्न ‘वैशिष्ट्ये सांगा’ आणि उत्तर म्हणजे विशेषणांची यादी.

खालची पद्धत प्रश्नसंच तयार करणाऱ्या शिक्षकांसाठी आहे आणि एकट्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही. तिचा आधार एकच. उत्तरातलं प्रत्येक विधान पुतळ्यावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. आदर्शाविषयी बोलायचं ते त्यानंतर.

## १. आधी पुतळे निवडा, प्रश्न नंतर

प्रश्न आधी लिहिले की पुतळे उदाहरणापुरते उरतात आणि उत्तरं सैल होतात. म्हणून सुरुवात निवडीपासून करा. उभ्या देहाचा एकच धागा धरला तर सहा-सात कृती पुरतात. मी हा क्रम वापरतो:

- न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला कूरोस, म्हणजे उभा नग्न तरुण, इ.स.पू. सुमारे ५९०–५८०
- अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला अनाव्हिसॉसचा कूरोस, इ.स.पू. सुमारे ५३०
- अक्रोपोलिस संग्रहालयातला ‘क्रिटिओस बॉय’; इ.स.पू. सुमारे ४८०
- पॉलिक्लायटसचा डोरिफोरोस, म्हणजे भालाधारी; मूळ इ.स.पू. सुमारे ४४०
- प्रॅक्सिटेलीसची क्निडोसची अफ्रोडायटी, मूळ इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याचं
- लिसिपसचा अपॉक्सिओमेनोस, म्हणजे अंगावरचं तेल-धूळ खरवडणारा खेळाडू, मूळ इ.स.पू. सुमारे ३३०–३२०
- प्रिमा पोर्ताचा ऑगस्टस, इ.स.पू. २० नंतरचा

शेवटी तुलनेसाठी रोममधला बसलेला ब्राँझचा मुष्टियोद्धा जोडा. तो उभा नाही, पण त्याच्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न विचारता येतो.

मायरनचा थाळीफेक्या मी मुद्दाम मुख्य यादीत घेतलेला नाही. तो प्रसिद्ध आहे, पण त्याचा देह एका क्रियेत अडकलेला आहे. उभं राहण्याच्या रीतीत काय बदललं हे त्याच्यावरून दाखवता येत नाही.

सावध: इ.स.पू. मध्ये आकडा लहान होतो तसा काळ पुढे सरकतो. ३५० हे ४४० च्या नंतरचं. घाईत लिहिताना हा क्रम उलटतो आणि मग सगळा ‘बदल’ उलट दिशेने सांगितला जातो. यादी भिंतीवर एका ओळीत लावा आणि तिच्याकडे पाहूनच लिहा.

## २. प्रत्येक पुतळ्याचं कार्ड भरा

एका कार्डावर पाच गोष्टी असाव्यात: समोर दिसतंय ते मूळ आहे की प्रत, माध्यम काय, आज ते कुठे आहे, काळ कोणता आणि काय तुटलेलं किंवा हरवलेलं आहे. सर्वाधिक चुका पहिल्या आणि शेवटच्या मुद्द्यात होतात.

पहिला मुद्दा घ्या. दोन्ही कूरोस आणि क्रिटिओस बॉय हे संगमरवरातले मूळ ग्रीक पुतळे आहेत. डोरिफोरोस आणि अपॉक्सिओमेनोस मूळचे ब्राँझचे होते आणि ते ब्राँझ आज नाहीत. आपण पाहतो त्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रती. डोरिफोरोसची सर्वांत प्रसिद्ध प्रत पॉम्पेईत सापडली, ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. अपॉक्सिओमेनोसची प्रत १८४९ मध्ये रोमच्या त्रास्तेव्हेरे भागात मिळाली, ती व्हॅटिकनमध्ये आहे.

याचा उत्तरावर थेट परिणाम होतो. नेपल्सच्या डोरिफोरोसच्या पायामागे झाडाचं खोड आहे, हात आणि मांडी यांच्यामध्ये दगडाचा छोटा आडवा टेकू आहे. ब्राँझ आतून पोकळ असतं आणि ताण सहन करतं, त्यामुळे दोन पावलांवर उभं राहू शकतं. संगमरवर जड आणि ठिसूळ, घोट्याशी मोडतो. म्हणून प्रत करणाऱ्याला खोड आणि टेकू घालावे लागले. ‘झाडाच्या खोडातून पॉलिक्लायटसने निसर्गाशी नातं दाखवलं’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकांत पुन्हा पुन्हा वाचलं आहे. कार्डावर ‘प्रत’ हा शब्द लिहिलेला असता तर ते लिहिलं गेलं नसतं.

शेवटच्या मुद्द्यासाठी क्रिटिओस बॉय बघा. उरलेला भाग सुमारे १.१७ मीटर उंच आहे आणि दोन्ही पावलं उरलेली नाहीत. डोळे वेगळ्या पदार्थाचे बसवलेले होते, आता तिथे खोबण्या आहेत. ‘त्याची शून्यात हरवलेली नजर’ असं लिहिणं म्हणजे नुकसानीला शैली समजणं. नावाचंही तसंच आहे. क्रिटिओस या शिल्पकाराच्या मानल्या जाणाऱ्या दुसऱ्या शिल्पाशी साम्य दिसलं म्हणून अभ्यासकांनी हे नाव दिलं. ‘क्रिटिओसने घडवला’ असं ठाम लिहू नका, ‘क्रिटिओसच्या नावाने ओळखला जाणारा’ असं लिहा.

तपासा: कार्डावर ‘संगमरवर, पांढरा’ असं लिहिलं असेल तर ‘पांढरा’ खोडा. हे पुतळे रंगवलेले असत. ऑगस्टसच्या पुतळ्यावर रंगाचे अवशेष मिळाले आहेत. शुभ्रता हा ग्रीक देहाचा आदर्श नव्हता, तो रंग उडाल्याचा परिणाम आहे.

## ३. देह खालून वर वाचा

चेहऱ्यापासून सुरुवात केली की भावनांबद्दल लिहिलं जातं. पायापासून केली की वजनाबद्दल. बदल वजनातच झाला आहे, म्हणून क्रम ठरवून घ्या: पाऊल, गुडघा, कंबर, पाठीचा कणा, खांदे, डोकं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: डावी आणि उजवी बाजू सारखी आहे का?

न्यूयॉर्कच्या कूरोसवर हे करून बघा. डावा पाय पुढे, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट. गुडघे सरळ. कंबर आडवी, अजिबात कललेली नाही. खांदे आडवे. डोकं समोर. आता स्वतः उभे राहा, डावा पाय पुढे टाका, दोन्ही तळवे टेकवा आणि कंबर हाताने धरून बघा. ती थोडी तरी हलते. कूरोसची हलत नाही. म्हणजे पाऊल पुढे आहे, पण ते टाकलेलं नाही. शिल्पकाराने ठोकळ्याच्या चार बाजूंनी चार दृश्यं कोरली आणि ती मध्ये जुळवली. बरगड्यांची आणि गुडघ्यांची खूण रेषांनी काढल्यासारखी वर बसली आहे, आतून वर आलेली नाही.

डोरिफोरोसवर तोच क्रम. वजन उजव्या पायावर, डावा पाय मागे आणि टाच उचललेली. उजवी कंबर वर, डावी खाली. खांद्यांचा कल उलट, उजवा खांदा खाली. उजवा हात सैल लोंबतो, डावा हात कोपरात वाकून भाला धरतो. डोकं त्याच्या उजवीकडे वळलेलं. ताणलेला पाय आणि काम करणारा हात एकमेकांच्या तिरकस समोर येतात, सैल पाय आणि सैल हातही तसेच. या रचनेला कॉन्ट्रापोस्टो म्हणतात, पण नाव लिहून थांबणाऱ्याला मी अर्धेच गुण देतो. कंबर आणि खांदे कोणत्या बाजूला कलले हे सांगितलं की नाव नसलं तरी चालतं.

सावध: डावं-उजवं नेहमी पुतळ्याचं धरा, तुमचं नाही. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात हे लिहून ठेवा.

सावध: भारतीय मूर्तिशास्त्र शिकलेले विद्यार्थी इथे ‘त्रिभंग’ लिहून मोकळे होतात. वजन एका पायावर येणं हे साम्य खरं आहे. पण त्रिभंगात मान, कंबर आणि गुडघा या तिन्ही ठिकाणचे बाक ठळकपणे दिसावेत असा हेतू असतो. डोरिफोरोसमध्ये बाक सौम्य आहेत आणि भर हात-पायांच्या तिरकस जोड्यांवर आहे. तुलना जरूर करा, पण दोन वाक्यांत फरक सांगून.

## ४. मापांची भानगड सोडवून घ्या

प्रमाणांवर प्रश्न येणार हे नक्की, आणि सगळ्यांत जास्त खोटी खात्री इथेच आढळते. ‘पॉलिक्लायटसने आपल्या कॅनॉन या ग्रंथात देह डोक्याच्या सात पट असावा असा नियम सांगितला’ हे वाक्य नोट्समध्ये सर्रास असतं. तो ग्रंथ हरवला आहे. त्याच्याविषयीची सर्वांत उपयोगी नोंद गॅलेन या इ.स. दुसऱ्या शतकातल्या वैद्याची आहे. तो म्हणतो की सौंदर्य अवयवांच्या परस्पर प्रमाणात असतं: बोटाचं बोटाशी, सगळ्या बोटांचं तळहात आणि मनगटाशी, त्यांचं पुढच्या हाताशी, पुढच्या हाताचं दंडाशी, आणि याप्रमाणे सगळ्याचं सगळ्याशी. या नोंदीत एकही आकडा नाही. साधारण सात डोक्यांचं माप आपण प्रतींवर मोजून काढलेलं आहे. दोन्ही गोष्टी लिहा, पण वेगवेगळ्या वाक्यांत.

दुसरा गोंधळ ‘डोकं’ आणि ‘चेहरा’ यांचा. इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस दोन्ही मापं देतो. हनुवटीपासून माथ्यापर्यंतचं डोकं उंचीचा आठवा भाग, आणि हनुवटीपासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंतचा चेहरा दहावा भाग. एकाच देहाला आठ डोकी आणि दहा चेहरे असतात. आपल्याकडच्या तालमानात एकक म्हणजे ताल, म्हणजे चेहऱ्याची लांबी, १२ अंगुलं. नवताल मूर्ती १०८ अंगुलांची. तेव्हा ‘ग्रीक देह आठ, भारतीय देह नऊ, म्हणून भारतीय मूर्ती जास्त उंच व सडपातळ’ हे अनुमान चुकीचं, कारण एकात डोकं मोजलंय आणि दुसऱ्यात चेहरा.

तपासा: प्रमाणाचा आकडा लिहिला की पुढे तीन गोष्टी आहेत का बघा: काय मोजलं, कुठून कुठपर्यंत, मूळावर की प्रतीवर.

## ५. एक उत्तर पूर्ण घडवून बघा

प्रश्नसंच लिहिण्याआधी एक उत्तर शेवटापर्यंत न्या. तेच बाकीच्यांचं माप ठरतं. आठ गुणांचा प्रश्न घेऊ.

प्रश्न: डोरिफोरोसमध्ये आदर्श पुरुषदेहाची कोणती कल्पना दिसते? आधीच्या एका पुतळ्याशी तुलना करून सांगा.

नेहमीचं उत्तर असं येतं: ‘पॉलिक्लायटस हा महान शिल्पकार होता. त्याने प्रमाणबद्ध व वास्तववादी पुतळा घडवला. त्यात स्नायू उत्तम दाखवले असून कॉन्ट्रापोस्टो आहे. ग्रीकांना मानवी देहाचं सौंदर्य आवडत असे.’ याला मी दोन गुण देईन. शब्द चुकीचे नाहीत, पण एकही विधान पुतळ्यावर दाखवता येत नाही. शिवाय ‘वास्तववादी’ हे तपासायला हवं होतं. या भालाधाऱ्याच्या कंबरेवरचा स्नायूंचा पट्टा कोणत्याही खऱ्या देहावर इतका ठळक आणि नियमित दिसत नाही, आणि प्रतीची उंची २.१२ मीटर आहे. हा भेटलेला माणूस नाही, रचलेला आहे.

नमुना उत्तर:

‘डोरिफोरोस हा पॉलिक्लायटसचा इ.स.पू. सुमारे ४४० चा ब्राँझ पुतळा आज उपलब्ध नाही. हे उत्तर नेपल्सच्या संगमरवरी रोमन प्रतीवर आधारलेलं आहे. भार उजव्या पायावर आहे, डावी टाच उचललेली आहे. त्यामुळे उजवी कंबर वर गेली आहे, आणि तोल सांभाळायला उजवा खांदा खाली आला आहे. सैल उजवा हात ताणलेल्या उजव्या पायाच्या वर येतो, तर भाला धरणारा डावा हात सैल डाव्या पायाच्या वर. म्हणजे देहात प्रत्येक ताणाला विश्रांतीने उत्तर दिलेलं आहे.

अनाव्हिसॉसच्या कूरोसमध्ये मांड्या आणि गाल भरीव असले तरी कंबर आणि खांदे आडवेच आहेत. वजन दोन्ही पायांवर सारखं आहे. तिथे ताकद अवयवाच्या आकारात आहे. डोरिफोरोसमध्ये ती अवयवांच्या परस्परसंबंधात आहे. गॅलेनने कॅनॉनविषयी केलेली नोंद याला जुळते, कारण तीही एका अवयवाच्या मापाविषयी नसून एकाच्या दुसऱ्याशी असलेल्या प्रमाणाविषयी आहे. चेहरा कोणा एका व्यक्तीचा नाही, वय ठरवता येत नाही, श्रमाची खूण नाही. आदर्श म्हणजे इथे शक्ती असूनही ती आवरून धरलेला, कोणत्याही क्षणी चालू किंवा थांबू शकेल असा देह.

प्रतींमध्ये तपशिलांचा फरक असल्याने पृष्ठभागाच्या बारकाव्यांवरून मूळ शिल्पकाराच्या हाताविषयी निष्कर्ष काढता येत नाही.’

यात एक गुण ओळखीचा, तीन निरीक्षणाचे, दोन अर्थाचे, एक तुलनेचा आणि एक मर्यादेचा. मर्यादेचा गुण पुष्कळांना फालतू वाटतो. मला तो आवश्यक वाटतो. रोमन प्रतीवरून ग्रीक मनाविषयी बोलणं हा या सगळ्या विषयाचा कच्चा दुवा आहे, आणि तो दिसतो आहे हे विद्यार्थ्याने दाखवावं.

तपासा: उत्तरातलं पुतळ्याचं नाव झाका आणि वाचा. तरीही कोणता पुतळा हे ओळखता येतं का? येत नसेल तर निरीक्षणं कमी आहेत.

## ६. प्रश्नसंच

आता बाकीचे प्रश्न. सोप्यापासून अवघडाकडे नेण्यापेक्षा काळाच्या क्रमाने ठेवा, म्हणजे प्रत्येक उत्तर मागच्यावर उभं राहतं.

प्रश्न १ (५ गुण). न्यूयॉर्कचा आणि अनाव्हिसॉसचा कूरोस यांत काय बदललं आणि काय बदललं नाही?

‘दोन्हींची उंची जवळपास सारखी, सुमारे १.९४ मीटर. दोघांचा डावा पाय पुढे, हात बाजूला, मुठी मांडीपाशी. वजनाची वाटणी बदललेली नाही. बदललं आहे ते देहाचं भरणं. आधीच्या पुतळ्यात पोटाच्या आणि बरगड्यांच्या कडा रेषांनी कोरल्या आहेत. नंतरच्यात मांड्या, पोटऱ्या आणि दंड गोलाईने फुगले आहेत. सुमारे पन्नास-साठ वर्षांत शिल्पकार मांस दाखवायला शिकले, पण उभं राहण्याची रीत तीच ठेवली. अनाव्हिसॉसच्या पुतळ्याशी जोडल्या जाणाऱ्या चौथऱ्यावरचा लेख वाटसरूला क्रॉइसोस या मृत तरुणाच्या थडग्यापाशी थांबून शोक करायला सांगतो. तो लढाईत पुढच्या फळीत मारला गेला. पुतळा त्याची मुखचर्या दाखवत नाही, त्याला योग्य ठरणारा देह दाखवतो.’

शेवटचं वाक्य ज्याला सुचलं त्याला मी पूर्ण गुण देतो, कारण पुढच्या प्रत्येक प्रश्नाची किल्ली त्यात आहे. अशा थडग्यावरचा देह हे त्या माणसाचं चित्र नसून त्याच्याबद्दलचं मत असतं.

सावध: ‘कूरोस इजिप्तची नक्कल’ हे अर्धं उत्तर आहे. पुढे आलेला डावा पाय आणि मुठी तिथून आल्या. पण कूरोस नग्न आहे, त्याच्या मागे दगडाचा आधारखांब नाही, आणि हात व कमरेमधला दगड काढून टाकला आहे. साम्य लिहिणाऱ्याने हे फरक लिहायलाच हवेत.

प्रश्न २ (३ गुण). क्रिटिओस बॉयला वळणबिंदू का मानतात?

‘भार डाव्या पायावर आहे, उजवा गुडघा सैल वाकला आहे, त्यामुळे डावी कंबर किंचित वर गेली आहे. डोकं थोडं उजवीकडे वळलं आहे. पावलं उरलेली नसल्याने हे गुडघा आणि कंबरेवरून ठरवावं लागतं. एका अवयवातला बदल दुसऱ्यात पोचतो, हे कूरोसमध्ये नव्हतं. मात्र खांदे अजून जवळपास आडवेच आहेत. तो टप्पा डोरिफोरोसमध्ये येतो.’

प्रश्न ३ (८ गुण). ‘पॉलिक्लायटसने पुरुषदेहाला दिलेला आदर्श प्रॅक्सिटेलीसने स्त्रीदेहाला लावला.’ क्निडोसच्या अफ्रोडायटीच्या आधारे हे विधान तपासा.

हा संचातला सर्वांत चांगला प्रश्न आहे असं मला वाटतं, कारण विधान अर्धं खरं आहे.

‘भार एका पायावर, कंबर कललेली, ही रचना सारखी आहे. एवढ्यापुरतं विधान बरोबर. पण पुरुषदेह निदान इ.स.पू. सहाव्या शतकापासून नग्न दाखवला जात होता आणि त्या नग्नतेला प्रसंगाची गरज नव्हती. कूरोस किंवा डोरिफोरोस का उघडा आहे हे पुतळा सांगत नाही. त्याच काळातल्या उभ्या तरुणींचे पुतळे, म्हणजे कोरे, वस्त्रांत आहेत. अफ्रोडायटीच्या बाजूला पाण्याचा घडा आहे, एका हातात वस्त्र आहे, दुसरा हात देहासमोर आला आहे. म्हणजे नग्नतेला स्नानाचं कारण दिलं आहे आणि कोणीतरी पाहत आहे हे गृहीत धरलं आहे. डोरिफोरोसच्या मुद्रेत पाहणाऱ्याची दखल नाही. इथे ती रचनेतच आहे. हाताची हालचाल लाजेची की लक्ष वेधणारी, यावर दोन्ही अर्थ मांडले जातात. रोमन लेखक प्लिनी सांगतो की प्रॅक्सिटेलीसने एक वस्त्रांतली आणि एक नग्न अशा दोन मूर्ती विकायला ठेवल्या. कॉस बेटाने वस्त्रांतली घेतली, नाकारलेली क्निडोसने घेतली. ही कथा पुतळ्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी लिहिलेली असली तरी नग्न देवी ही सहज स्वीकारलेली गोष्ट नव्हती, अशी आठवण तीत आहे. म्हणून आदर्श ‘लावला’ असं न म्हणता रचना घेतली आणि पाहण्याचे नियम बदलले, असं म्हणता येईल.’

सावध: मूळ मूर्ती हरवली आहे आणि प्रतींत हात व वस्त्र सारखे नाहीत. कोणती प्रत पाहून लिहिताय ते नमूद करा. व्हॅटिकनमधली कोलोना व्हीनस हा नेहमीचा पर्याय. मिलोची व्हीनस ही वेगळी आणि नंतरची मूर्ती. तिला ‘तुटलेली अफ्रोडायटी’ म्हणून इथे आणू नका.

प्रश्न ४ (३ गुण). अपॉक्सिओमेनोस नीट पाहायला बाजूला का जावं लागतं?

‘त्याचा एक हात सरळ पुढे, पाहणाऱ्याच्या दिशेने आला आहे, आणि दुसरा खरवडणी घेऊन छातीसमोरून जातो. समोरून पुढचा हात आखडलेला दिसतो आणि छाती झाकली जाते. एकाच जागेवरून पुतळा पूर्ण कळत नाही. डोकं लहान, पाय लांब, साधारण आठ डोक्यांचा देह. लिसिपसने डोकी लहान आणि देह सडपातळ केले असं प्लिनीही लिहितो. डोरिफोरोसचा भरदार आदर्श शंभरएक वर्षांत बदलला हे यातून दिसतं.’

प्रश्न ५ (५ गुण). ‘पुढच्या काळात आदर्श संपला आणि वास्तव आलं.’ मुष्टियोद्ध्याच्या आधारे मत द्या.

‘१८८५ मध्ये रोममध्ये सापडलेला हा मूळ ब्राँझ पुतळा आहे, त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. नाक मोडलेलं, कान सुजलेले, जखमा आणि रक्त दाखवायला तांब्याचे तुकडे बसवलेले. खांदे वाकलेले, डोकं बाजूला वळलेलं. हे सगळं आधीच्या आदर्शात बसत नाही. पण देह वजनदार, पिळदार, कुठेही खंगलेला नाही. आदर्श देह कायम ठेवून त्यावर काळाचा आणि माराचा परिणाम दाखवला आहे. म्हणून विधान जसंच्या तसं स्वीकारता येत नाही.’

प्रश्न ६ (५ गुण). प्रिमा पोर्ताच्या ऑगस्टसमध्ये डोरिफोरोसकडून काय घेतलं आणि का?

‘उजव्या पायावरचा भार, मागची उचललेली टाच, शांत तरुण चेहरा हे घेतलं. उजवा हात मात्र सैल न ठेवता भाषणासाठी वर उचलला, त्यामुळे तिरकस तोल बिघडला आणि पुतळा आज्ञा देणारा झाला. देहावर कवच चढवलं, पण स्नायूंची ठेवण कवचाच्या धातूवरही दिसते. पाय अनवाणी आहेत, ही देव-वीरांची खूण. उजव्या पायाशी डॉल्फिनवर बसलेला क्युपिड व्हीनसशी असलेलं घराण्याचं नातं सांगतो आणि दगडाला आधारही देतो. ऑगस्टस इ.स. १४ मध्ये ७५ वर्षांचा होऊन वारला, तरी त्याच्या प्रतिमा शेवटपर्यंत तरुणच राहिल्या. इथे ग्रीक देह म्हणजे राज्य करण्याच्या योग्यतेचा दाखला झाला आहे.’

## ७. तपासणी आणि गुण देणं

उत्तरं दोनदा वाचा. पहिल्यांदा फक्त विशेषणांखाली रेघ मारा: सुंदर, भव्य, डौलदार, जिवंत. ज्या वाक्यात विशेषण आहे पण अवयवाचं नाव नाही, त्याला गुण नाही. दुसऱ्यांदा ‘आदर्श’ हा शब्द शोधा आणि त्याच्या आधीच्या दोन वाक्यांत निरीक्षण आहे का बघा. निरीक्षण नंतर आलं असेल तर बहुतेक वेळा निष्कर्ष पाठ केलेला असतो.

स्वतःच अभ्यास करत असाल तर उत्तर लिहून झाल्यावर एक दिवस बाजूला ठेवा, मग फोटो झाकून फक्त उत्तरावरून पुतळ्याचं काड्यांचं रेखाचित्र काढा. कंबर आणि खांद्यांच्या रेषा योग्य दिशेला कलल्या नाहीत तर उत्तरात त्या सांगितलेल्याच नाहीत.

फोटोंची तपासणी शेवटी, पण ती टाळू नका. थाळीफेक्यावर प्रश्न काढायचाच असेल तर दोन प्रती समोर ठेवा. रोममधली लान्चेलोत्ती प्रत मागे थाळीकडे पाहते. ब्रिटिश म्युझियममधल्या टाउनली प्रतीचं डोकं दुरुस्तीत चुकीच्या दिशेने बसवलं गेलं आणि ती खाली पाहते. फक्त टाउनली प्रत छापून ‘खेळाडूची एकाग्रता नजरेतून कशी दिसते?’ असं विचारलं तर प्रश्नच चुकीचा ठरतो.

छापील नोट्समध्ये आणि इंटरनेटवर फोटो आडवे उलटलेले असतात, म्हणजे डावं उजवं झालेलं असतं. डोरिफोरोसचा भार डाव्या पायावर दिसला, किंवा कूरोसचा उजवा पाय पुढे दिसला, तर उत्तर बदलण्याआधी फोटो बदला. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा फोटो घ्या, आणि जमलं तर समोरून, बाजूने व मागून असे तीन. कूरोसची पाठ आणि अपॉक्सिओमेनोसची बाजू पाहिल्याशिवाय प्रश्न १ आणि ४ विद्यार्थ्यांना देऊ नयेत.